अठ्ठाविसावा हप्ता

अठ्ठाविसाव्या हप्त्याची पावती फाडून झाली आणि दादाने एकवीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. दुपारी तीन वाजता अर्धी रजा टाकली, कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक घेतला आणि बहिणीकडे निघाला.

घरात तो सगळ्यांचा दादा. पतसंस्थेत मात्र त्याला पाठीमागे 'वजाबाकी' म्हणत, आणि हल्ली पुढ्यातही म्हणायला लागले होते. कर्ज मागायला आलेला माणूस खुर्चीवर नीट टेकायच्या आत हा कागद ओढायचा, दोन आकडे मांडायचा, मोठ्यातून धाकटा वजा करायचा आणि उत्तराखाली दोन रेघा मारायचा. 'एवढे वाचतील तुमचे,' असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही, असं त्याची बायको सांगते आणि ते खरं आहे.

आजचा केक एका वजाबाकीचाच होता. धाकट्या बहिणीने स्वतःची लॅब काढायला सहा लाखांचं कर्ज घेतलं होतं. बारा टक्के व्याज, साठ महिने. धाकटी दात करते. कवळ्या, टोप्या, पूल, डॉक्टरांनी धाडलेल्या साच्यावरून जे जे लागेल ते. अठरा वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये मान मोडून काम केल्यावर तिने स्वतःचं दुकान मांडलं. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं, की ती म्हणायची, 'दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवता बसवता राहूनच गेलं.'

पतसंस्थेत कर्ज फेडायच्या दोन पद्धती. एकीत हप्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. धाकटीला तो महिना तेरा हजार तीनशे सत्तेचाळीस पडला असता. पहिल्या हप्त्यातले सहा हजार व्याजात जाणार, मुद्दल फिटणार फक्त सात हजार तीनशे सत्तेचाळीस. पुढे व्याज हळूहळू घटतं आणि मुद्दलाचा वाटा वाढतो, पण हप्ता हलत नाही. दुसऱ्या पद्धतीत मुद्दल दर महिन्याला सारखंच, दहा हजार, आणि त्यावर राहिलेल्या रकमेचं व्याज. पहिला हप्ता सोळा हजार, दुसरा पंधरा हजार नऊशे, असा दर महिन्याला शंभराने उतरत शेवटचा दहा हजार शंभर. मुद्दल लवकर फिटतं म्हणून व्याजही कमी बसतं. पहिल्या पद्धतीत एकूण व्याज दोन लाख आठशे, दुसरीत एक लाख त्र्याऐंशी हजार. फरक सतरा हजार आठशे. खाली दोन रेघा.

आणि सत्ताविसाव्या हप्त्यापर्यंत उतरता हप्ता जास्त असतो. अठ्ठाविसावा तेरा हजार तीनशे, म्हणजे एकसारख्या हप्त्यापेक्षा पहिल्यांदाच कमी. सत्तेचाळीसने का होईना, कमी.

त्या सत्तेचाळीससाठी केक होता. लोकांना वाटलं असतं, माणूस हिशेबाचा वेडा आहे. तसा तो होताच. पण खरी गोष्ट अशी, की गेले सत्तावीस-अठ्ठावीस महिने दादाच्या मनात एक कुसळ रुतून बसलं होतं आणि आज ते निघेल अशी त्याची आशा होती.

कारण धाकटीने उतरता हप्ता मागितलाच नव्हता.

ती अर्ज भरायला आली तेव्हा स्वच्छ म्हणाली होती, 'दादा, मला आपला एकच आकडा दे. दर महिन्याला तोच. महिन्याला माझं साडेपंधरापर्यंत जमेल, त्याच्या वर एक छदाम नाही.' दादा 'हो हो' म्हणाला. मग वजाबाकी केली. सतरा हजार आठशे! सख्ख्या बहिणीचे सतरा हजार आठशे आपल्या डोळ्यांदेखत जाऊ द्यायचे? साडेपंधरा जमतात म्हणते, पहिला हप्ता सोळाचा. पाचशेचीच तर ओढ. शंभर-शंभर उतरत सहाव्या हप्त्याला साडेपंधरावर येतोच आहे. पाच महिने कोणीही ताणून नेतं. त्याने 'महिन्याला परवडणारी रक्कम' या रकान्यात सोळा हजार लिहिले, दुसऱ्या चौकोनात खूण केली, आणि पानं उलटत जिथे जिथे सही हवी तिथे बोट ठेवत गेला. धाकटीने एक अक्षर न वाचता अकरा सह्या केल्या. भावाच्या टेबलावर काय वाचायचं?

दुसऱ्या दिवशी हप्त्यांचा तक्ता घेऊन तो स्वतः तिच्या घरी गेला आणि सांगितलं, 'तुझे सतरा हजार आठशे वाचवले मी. बघ.' धाकटीने तक्ता पाहिला. जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'बरं केलंस.'

त्या 'जरा वेळ'चंच कुसळ होतं. दादाने ते विसरायचा फार प्रयत्न केला. तिच्या तक्त्याची एक प्रत, नाव कापून, टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागला. 'आमच्या घरातलंच उदाहरण आहे,' असं म्हणायचा. जितक्या वेळा म्हणायचा तितक्या वेळा बरं वाटायचं, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा टोचायला लागायचं.

लॅबचं दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरची एक लांबट खोली, वर तिचं राहतं घर. खिडकीपाशी कामाचं टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात भट्टी. धाकटी पाठमोरी बसून एक कवळी मशीनवर घासत होती. नाकातोंडावर पट्टी, पट्टीवर ओला रुमाल. उन्हाच्या तिरिपेत गुलाबी भुकटी तरंगत होती आणि तिच्या केसांवर, पापण्यांवर बसत होती.

"अठ्ठावीस!" दादा दारातूनच म्हणाला. "आजपासून तू फायद्यात!"

धाकटीने मशीन बंद केलं, रुमाल खाली ओढला, हसली आणि बोलायला तोंड उघडलं ते खोकण्यासाठीच. खोकला साधा नव्हता. तिने एका हाताने टेबल धरलं, दुसरा हात 'थांब' म्हणून वर केला आणि वाकून खोकत राहिली. दादा केकचा खोका हातात घेऊन उभा. कुठे ठेवावा हेही त्याला सुचेना. सगळीकडे दातच दात.

"कधीपासून आहे हा?"

"आहे थोडे दिवस," ती म्हणाली. "केक कशाचा? अंड्याचा नाही ना आणलास, वहिनी येणार असेल तर ओरडेल."

"थोडे दिवस म्हणजे किती?"

"दादा, तू कर्जवसुलीला आलायस का?"

ती सुरी शोधायला वर गेली. जिन्यात दोनदा थांबली, हे पावलांच्या आवाजावरून खाली कळलं. दादाने टेबलावर जागा करण्यासाठी एक लिफाफा उचलला. मोठा, तपकिरी, दवाखान्याचा. तो उघडायचा त्याचा हेतू नव्हता. तोंड उघडंच होतं आणि तो खिडकीपाशीच उभा होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. आतली काळी फिल्म त्याने उजेडाकडे धरली. त्यातलं त्याला काही कळलं नाही. सोबतच्या कागदावरचं कळलं. दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके. कामाच्या धुळीमुळे झाल्याची शक्यता. घासण्याचं काम तूर्त सहा महिने पूर्ण बंद. धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राशिवाय पुन्हा सुरू करू नये.

तारीख बारा दिवसांपूर्वीची होती.

मग त्याचं लक्ष टेबलाच्या वरच्या भिंतीकडे गेलं. तिथे ताटलीएवढं गोल भोक होतं आणि त्यात जुन्या चादरीचा बोळा कोंबलेला होता. ते भोक त्याने लॅबच्या पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं. एकदा चेष्टाही केली होती, 'शेजाऱ्यांच्या घरात डोकावायची सोय केलीस का?' कशासाठी आहे हे विचारलं नव्हतं.

धाकटी सुरी आणि दोन बशा घेऊन खाली आली. त्याच्या हातातली फिल्म तिने पाहिली. बशा ठेवल्या.

"हे भोक कशाचं?" दादाने विचारलं.

"सक्शनच्या पाइपचं. धूळ ओढून बाहेर टाकायला."

"मग सक्शन कुठे आहे?"

"घेतलं नाही."

"का?"

धाकटी केक कापायला लागली. व्यवस्थित, मापात, दात कापावेत तसा. "चोवीस हजारांचं होतं तेव्हा. दुकानदार बिनव्याजी देणार होता, महिन्याला दोन हजार, बारा महिने. जुन्या लॅबमध्ये सक्शन होतं पण वर्षातले दहा महिने बंद. म्हणून मी ठरवलं होतं, आपल्याकडे पहिली वस्तू हीच. भिंतही फोडून घेतली."

दादाच्या डोक्यात आकडे आपोआप एकाखाली एक उभे राहिले. त्याला ते थांबवता येईनात. तेरा हजार तीनशे सत्तेचाळीस अधिक दोन हजार. पंधरा हजार तीनशे सत्तेचाळीस. महिन्याला माझं साडेपंधरापर्यंत जमेल.

"साडेपंधरा," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "ते साडेपंधरा... सगळं मिळून होते."

"हो."

"मला वाटलं, नुसत्या हप्त्याचे."

"तू विचारलं नाहीस," धाकटी म्हणाली. रागाने नाही. त्याला वाटलं, रागाने म्हणाली असती तर किती बरं झालं असतं.

"मग बोलली का नाहीस? दुसऱ्याच दिवशी बदलता आलं असतं. एक अर्ज, पाच मिनिटांचं काम!"

"तू तक्ता घेऊन आलास तेव्हा तुझा चेहरा तू पाहिला नाहीस." तिने एक बशी त्याच्याकडे सरकवली. "मी सातवीत पहिली आले होते तेव्हा बाबांचा असा झाला होता. आणि मला वाटलं, इतकी वर्षं हेच काम करतोय, याला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. म्हटलं, होईल. मशीन जरा मागाहून घेऊ. दुकानदाराला नाही म्हणून आले."

"मागाहून म्हणजे?"

"हप्ता साडेतेरावर आला की. म्हणजे सव्विसाव्या महिन्यात. मलाही येते की वजाबाकी. पण तोवर त्या यंत्राची किंमत एकतीसवर गेली, आणि मग ही तपासणी निघाली."

दादाने केकची बशी बाजूला ठेवली. त्याच्याकडे एक वही होती, दोन रकान्यांची, एकीकडे ती भरत होती ते, दुसरीकडे तिने भरले असते ते. सत्तावीस महिन्यांत तिने एकसारख्या हप्त्यापेक्षा छत्तीस हजार पाचशे एकतीस जास्त भरले होते. त्याने त्या आकड्याकडे नेहमी कौतुकाने पाहिलं होतं, लवकर फिटलेलं मुद्दल म्हणून. तो आकडा म्हणजे ते यंत्र होतं. पाइपासकट, बसवणावळीसकट, वर काही उरलं असतं.

"माझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणाले, अठरा वर्षं तिथली धूळ आणि सव्वादोन वर्षं इथली. कुठला ठिपका कुठला, ते सांगता येत नाही."

ती हे त्याला धीर द्यायला म्हणाली. त्याला धीर आला नाही. सांगता येत नाही म्हणजे वजा करता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असा हिशेब भेटला होता, ज्याच्या खाली दोन रेघा मारताच येणार नव्हत्या.

"आणि सहा महिने घासायचं नाही म्हटलंय ना? मग आता काय करत होतीस?"

"हप्ता कोण भरणार?" धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा एकतीस हजार पाकिटात घालून पुन्हा तिच्या दारात उभा राहिला. त्याने बायकोला सगळं सांगितलं होतं. बायको ऐकून घेऊन एवढंच म्हणाली होती, 'तिने एकच आकडा मागितला होता. तो द्यायला तुमचं काय जात होतं?' त्याचं उत्तर त्याने रात्रभर शोधलं. जात काहीच नव्हतं. फक्त सांगायला काही उरलं नसतं. बहिणीचं भलं करायचं होतं हे खरं, पण ते करणारा आपण असायला हवं होतं हेही तितकंच खरं. हे त्याला स्वतःशी कबूल करायला सकाळ उजाडावी लागली.

धाकटीने पाकीट घेतलं. तो वाद घालायच्या तयारीने आला होता, त्यामुळे थोडा गांगरला.

"हे घेते," ती म्हणाली. "हे तुझ्याकडून निघतंच. पण हप्ते माझे मी भरणार."

"कशातून? सहा महिने काम बंद."

"घासण्याचं बंद. मेण लावणं, दात रचणं, भट्टी, ते करता येईल. घासायला जुन्या लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीला अर्ध्या दिवसासाठी बोलावते, सक्शन बसलं की. तिला पगार द्यावा लागेल. पुढचा हप्ता तेरा हजार दोनशेचा. तो झेपणार नाही."

दादाने तोंड उघडलं. ओठांवर तीन उपाय तयार होते, त्यातला एक चांगला होता. त्याने तोंड मिटलं. मग विचारलं, "महिन्याला किती जमेल?"

"साडेआठ."

"त्यात आणखी काय काय आहे?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. "काही नाही," ती हळू म्हणाली. "औषधं, मैत्रिणीचा पगार, सगळं बाजूला काढून साडेआठ. नुसत्या हप्त्याचे."

अकरा वाजता ती पतसंस्थेत आली. कर्ज नव्याने बांधून द्यायला व्यवस्थापक बाईंची मंजुरी लागते. दादाने अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यात जुन्या अर्जावरच्या सोळा हजारांची हकीकतही त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि सांगितलं की याबद्दल नंतर बोलू, आणि ते बोलणं छोटं नसेल. मग आकड्यांकडे वळल्या.

"शिल्लक मुद्दल तीन लाख वीस हजार. राहिलेल्या बत्तीस महिन्यांचे अठ्ठेचाळीस करायचे, एकसारखा हप्ता, आठ हजार चारशे सत्तावीस." त्यांनी वर पाहिलं. "वजाबाकी, यात व्याज वाढतंय. तुम्हीच आणलाय ना हा अर्ज?"

"हो."

"किती वाढतंय ते ठाऊक आहे?"

"आहे," दादा म्हणाला. बाईंनी सही केली.

तो टेबलावर परत आला. काचेखालचा तक्ता त्याने सकाळीच काढून टाकला होता. तिथे काचेवर फिकट चौकोन राहिला होता आणि आजूबाजूची काच जरा मळकी वाटत होती. धाकटी समोरच्या खुर्चीवर बसली. त्याने नवा करार तिच्यापुढे ठेवला.

"उतरत्या हप्त्याने पुढे गेली असतीस तर यापुढचं व्याज बावन्न हजार आठशे बसलं असतं," तो म्हणाला. "आता चौऱ्याऐंशी हजार पाचशे बसेल. एकतीस हजार सातशे जास्त. आधी वाचवलेले सगळे गेले, वर आणखी चौदा हजारांच्या आसपास. तुला माहीत असावं."

"बरं."

"नको असेल तर अजूनही..."

"दादा, मला एकच आकडा हवा होता," धाकटी म्हणाली. "मिळाला."

सवयीने त्याचा हात पुढे गेला, पहिलं पान उलटायला आणि सहीच्या जागी बोट ठेवायला. धाकटीने पानावर तळहात ठेवला. पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. दोन वेळा खोकली, रुमालाने तोंड पुसलं. मग पहिल्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं आणि अक्षर न् अक्षर वाचायला लागली.

करार अकरा पानांचा होता. दादाने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तिचं वाचून होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.